‘सेव्हन सामुराई’ तीन बैठकांत: लांब सिनेमा थांबवायचा कुठे आणि पुन्हा धरायचा कसा

साडेतीन तासांचा सिनेमा एका दमात बघायला सलग मोकळी संध्याकाळ लागते आणि नोकरी, मुलं, घरातली म्हातारी माणसं असलेल्या घरात ती क्वचितच मिळते. नोव्हेंबरात पणजीला इफ्फीत बसलो की गोष्ट निराळी. तिथे अंधार आपल्या हातात नसतो, फोन बंद असतो, चार तास कधी गेले ते कळतही नाही. घरी मात्र सिनेमा तोडावाच लागतो. तोडण्यात काही गैर नाही. आपण जिथे झोप आली तिथे तोडतो आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबलो अगदी तिथूनच सुरू करतो, तिथे घोळ होतो. मग दहा मिनिटांत कोणीतरी विचारतं, ‘‘हा कोण?’’ आणि सिनेमा तिथेच मरतो.

हा लेख एकाच सिनेमाभोवती आहे, म्हणजे नेमकं बोलता येईल. अकिरा कुरोसावा यांचा १९५४ चा ‘सेव्हन सामुराई’. लांबी २०७ मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. कृष्णधवल, जपानी भाषेतला. डाकूंना कंटाळलेलं एक शेतकऱ्यांचं गाव पोटापुरत्या भाताच्या बदल्यात सात सामुराई आणतं, एवढीच गोष्ट. शेवट मी सांगणार नाही, पण मधले काही प्रसंग सांगावेच लागतील. त्याशिवाय कुठे थांबायचं ते कळणार नाही.

आधी प्रत तपासा

बैठका ठरवण्याआधी एक काम करायचं: हाताशी असलेल्या प्रतीची एकूण लांबी बघायची. या सिनेमाच्या कापून लहान केलेल्या प्रती परदेशांत बरीच वर्षं फिरल्या. तुमच्याकडे दोन तास चाळीस-पन्नास मिनिटांची प्रत असेल तर ती कापलेली आहे. तिच्यात माणसांची ओळख होण्याआधीच ती कामाला लागलेली दिसतात, आणि मग धागा हातात राहत नाही म्हणून स्वतःला बोल लावण्यात अर्थ नसतो.

दुसरी अडचण बारीक आहे, पण माणसाला हमखास गोंधळात टाकते. युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर सिनेमा सेकंदाला २४ चौकटींऐवजी २५ चौकटींनी चालतो. त्यामुळे २०७ मिनिटांचा सिनेमा साधारण १९९ मिनिटांत संपतो. काहीही कापलेलं नसतं, सगळंच किंचित वेगाने गेलेलं असतं. म्हणून मित्राने ‘‘एक तास अमुक मिनिटांवर थांब’’ असं सांगितलं तरी ते तुमच्या प्रतीला लागू पडेलच असं नाही. थांबण्याची जागा मिनिटांवरून धरू नका, प्रसंगावरून धरा. या लेखातही मी वेळ ढोबळच दिली आहे.

सांधे शोधायचे

कोंबडी कापणारा माणूस हाडावर सुरी चालवत नाही, सांध्यात घालतो. लांब सिनेमालाही असे सांधे असतात. सगळ्यात मोठा सांधा दिग्दर्शकाने स्वतःच ठेवलेला असतो: मध्यंतर. ‘सेव्हन सामुराई’त ते साधारण पावणेदोन तासांनी येतं. पडद्यावर मध्यंतराची पाटी येते आणि काही मिनिटं नुसतं संगीत वाजत राहतं. पुष्कळ जण हा भाग पुढे ढकलतात, तो का ढकलू नये ते पुढे येईल.

मध्यंतर त्या जागी का, हे बघण्यासारखं आहे. त्याच्या लगेच आधी गावात फूट पडते. मुख्य वस्तीपासून लांब असलेली तीन घरं सोडून द्यावी लागणार, ती वाचवता येणार नाहीत, असं सामुराई सांगतात. त्या घरांचे मालक भाले टाकून निघतात. आमची घरं जाणार तर आम्ही दुसऱ्यांची का राखायची? सामुराईंचा म्होरक्या कांबेई तलवार उपसून त्यांच्या मागे धावतो, त्यांना पुन्हा रांगेत आणतो आणि एकेकट्याने वाचता येणार नाही हे ठणकावून सांगतो. मग पाटी. पाटीनंतर कापणीचे दिवस. म्हणजे मध्यंतराआधी एक प्रश्न पूर्ण सुटलेला असतो, गाव एक होणार की नाही, आणि पुढचा प्रश्न, डाकू कधी येणार, अजून उभा राहायचा असतो. चांगल्या सांध्याची खूण हीच. जुना ताण उतरलेला असतो, नवा चढायला लागलेला नसतो.

वेब मालिका बघून आपल्याला उलटी सवय लागली आहे. तिथे प्रत्येक भाग धक्क्यावर संपतो, म्हणजे पुढचा लावावाच लागतो. सिनेमात धक्क्यावर थांबलं तर दुसऱ्या दिवशी तो धक्का थंड झालेला असतो आणि त्याच्या पाठोपाठ येणारं, त्याच्यासाठीच रचलेलं दृश्य पोकळ वाटतं. धक्क्यानंतर सिनेमा जिथे श्वास घेतो तिथवर थांबून राहायचं, मग बंद करायचं.

घरात एका वेळी पावणेदोन तासही मिळत नसतील तर मध्यंतराच्या आधी आणखी एक सांधा हवा. तो पहिला तास उलटून थोडा वेळ गेल्यावर सापडतो, सामुराई गावात पोहोचतात तिथे. गाव सुनसान असतं. ज्यांनी बोलावलं तेच दारं लावून बसलेले. मग अचानक डाकू आल्याची इशाऱ्याची फळी वाजते आणि तीच माणसं जीव मुठीत घेऊन सामुराईंच्या पायाशी धावतात. फळी वाजवलेली असते किकुचियोने, सहा जणांच्या मागे कुत्र्यासारखा हाकलला गेलेला आणि तरी न हटलेला तो उटपटांग माणूस. त्या क्षणी तो सातवा ठरतो. माणसं जमवण्याचा भाग तिथे संपला. गावातली तयारी पुढे सुरू होते.

म्हणजे तीन बैठका अशा पडतात: सुरुवातीपासून सातवा माणूस मिळेपर्यंत, तिथून मध्यंतरापर्यंत, आणि मध्यंतरापासून शेवटपर्यंत. तीनही सारख्या लांबीच्या नाहीत. मधली सगळ्यात आखूड, शेवटची सगळ्यात लांब. तसंच असू द्या. सारखे तुकडे पाडायचा मोह झाला की कापणी हाडावर जाते.

शेवटच्या, साधारण पावणेदोन तासांच्या तुकड्याचेही दोन करावेत का, असं मला नेहमी विचारलं जातं. माझं उत्तर नाही. त्या तुकड्यात सामुराईंनी डाकूंच्या अड्ड्यावर घातलेला छापा आहे, आणि छाप्याचं दुःख ओसरायच्या आत, अगदी त्याच दृश्यात, टेकडीवर डाकू दिसतात. तिथे थांबायला जागाच ठेवलेली नाही. पुढे लढाई दिवसेंदिवस चालते आणि प्रत्येक रात्री माणसं आदल्या दिवसापेक्षा जास्त दमलेली दिसतात. शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री सगळं शांत होतं तिथे बंद करावंसं वाटेल. करू नका. त्या शांततेचा सगळा भार आपणही दमलेले असण्यावर आहे. झोपून ताजे होऊन आलात तर ती रात्र लांबण लावल्यासारखी वाटेल. हा तुकडा शनिवारी ठेवा.

सिनेमाने स्वतःच ठेवलेल्या नोंदी

इतके तास, इतकी माणसं, आणि तीही परक्या नावांची. हे कुरोसावांना ठाऊक होतं. म्हणून सिनेमाच्या आतच तीन आठवणीचे कागद ठेवलेले आहेत. ते आपल्या कागदावर उतरवले की अर्धं काम झालं.

पहिला कागद म्हणजे गावाचा नकाशा. कांबेई गावाभोवती हिंडतो आणि कुठून हल्ला येईल ते ठरवतो. एका अंगाला कुंपण, एकीकडे शेतात पाणी सोडायचं, एकीकडे पूल तोडायचा, आणि उत्तरेची जंगलाकडची वाट मुद्दाम उघडी ठेवायची, डाकूंना तिथून एकेक करून आत घ्यायचं. हे दृश्य आलं की पॉज करून वहीत चौकोन काढा आणि चारी बाजूंना हे लिहा. लढाईत घोडे कुठून येतात आणि कोण कुठे धावतो, ते या चौकोनाशिवाय नुसता चिखल वाटतं.

दुसरा कागद म्हणजे निशाण. हेइहाची शिवतो ते. त्यावर सहा गोल म्हणजे सहा सामुराई, एक त्रिकोण म्हणजे किकुचियो, आणि खाली गावासाठी एक जपानी अक्षर. माणसं विसरलात तर निशाण आठवा. त्रिकोण कोण आणि तो गोल का नाही, या प्रश्नात सिनेमाचा बराचसा जीव आहे.

तिसरा कागद दुसऱ्या भागात येतो. कांबेईने कागदावर डाकूंचे गोल काढून ठेवलेले असतात, एकेक मेला की एकेक खोडतो. लढाई किती उरली ते त्याच्या कागदावरून कळतं. तोच आकडा आपणही वहीत ठेवला तर मधे चहाला उठलात तरी धागा सुटत नाही.

माणसं ओळखायची ती नावाने नव्हे, खुणेने. आमच्या आईला जपानी नावं एकही लागली नाहीत आणि तिचं काही अडलंही नाही. पहिल्याच रात्री तिने माणसं बांधून घेतली. टक्कल खाजवणारा कांबेई, कारण एका पोराला सोडवण्यासाठी त्याने भटाचं सोंग घेताना डोकं भादरलेलं असतं. लाकडं फोडताना भेटलेला हेइहाची. न बोलणारा किडकिडीत तलवारवाला क्युझो. दाराआड काठी घेऊन उभ्या असलेल्याला उंबऱ्यावरच ओळखून हसणारा गोरोबेई. कांबेईबरोबर पूर्वी लढलेला शिचिरोजी. पोरगेला कात्सुशिरो. आणि भलीमोठी तलवार खांद्यावर टाकून फिरणारा किकुचियो. दुसऱ्या रात्री सुरू केल्यावर ती म्हणाली, ‘‘तो टक्कलवाला परत आला, बरं झालं,’’ आणि तिथपासून पुढे तिला काही सांगावं लागलं नाही.

बंद करताना: पाच ओळींची चिठ्ठी

सिनेमा थांबवल्यावर पाच मिनिटांच्या आत, दिवे लावायच्या आधी, चिठ्ठी लिहायची. दुसऱ्या दिवशी लिहायची म्हटलं तर आपण फक्त घटना लिहितो, आणि घटना तशाही लक्षात राहतात. निसटतात ते अर्धवट राहिलेले धागे. म्हणून चिठ्ठीत कथासार लिहायचं नाही. तीनच गोष्टी लिहायच्या: कोण कुठे आहे, कोण काय लपवतोय, आणि कुठला प्रश्न उघडा राहिलाय.

पहिल्या बैठकीनंतरची चिठ्ठी साधारण अशी होईल. सहा सामुराई आणि किकुचियो गावात पोहोचले. गाव घाबरलंय, डाकूंना जेवढं त्याहून जास्त सामुराईंना. मांझोने मुलीचे, शिनोचे, केस कापून तिला मुलगा केलंय, सामुराईंच्या भीतीने. किकुचियोची वंशावळ चोरीची. तिच्यानुसार तो तेरा वर्षांचा ठरतो, मग तो आहे तरी कोण?

या पाच ओळींत शिनोचे केस हा सगळ्यात मोलाचा धागा आहे. पुढच्या बैठकीत कात्सुशिरोला रानात एक ‘मुलगा’ भेटतो. हे केस लक्षात नसतील तर तो प्रसंग गोड वाटेल, पण मांझोची भीती त्यात दिसणार नाही, आणि तिसऱ्या बैठकीत मांझोचा जो आगडोंब उसळतो तो कुठून आला ते कळणार नाही.

दुसऱ्या बैठकीनंतरच्या चिठ्ठीत दोन गोष्टी विसरू नका, कारण त्या पडद्यावर थोडाच वेळ असतात. एक म्हणजे रिकिची. बायकोचा विषय निघाला की तो उठून निघून जातो. का, ते सिनेमा इथे सांगत नाही. दुसरी म्हणजे ती म्हातारी, जिच्या घरचे सगळे डाकूंनी मारलेत आणि जिला सामुराई आपल्या ताटातला भात देतात. तिसऱ्या बैठकीत ही दोन्ही माणसं अगदी थोड्या वेळासाठी परत येतात आणि तेव्हा जे घडतं त्याचं वजन सगळंच्या सगळं आधीच्या या छोट्या प्रसंगांवर उभं आहे. तीन दिवसांच्या फटीत जी पडतात ती हीच माणसं. लढणारी मुख्य माणसं कोणी विसरत नाही.

चिठ्ठी स्वतः लिहायची. इंटरनेटवरचं कथासार वाचलं की शेवट कळतोच, कारण तिथे आजपर्यंत बघितलेलं आणि उद्या बघायचं यांत रेघ नसते. कुटुंबात बघत असाल तर चिठ्ठी एकाने लिहावी आणि दुसऱ्याने एक ओळ जोडावी. आमच्या घरी ही ओळ मुलगी जोडते, आणि तिला जे दिसतं ते मला दिसलेलं नसतं.

पुन्हा सुरू करताना

ॲप आपोआप थांबलेल्या जागेवरून सुरू करतं. ती सोय सिनेमाच्या बाबतीत उपयोगाची नाही. चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि मग सिनेमा मागे न्यायचा, थांबलो त्या प्रसंगाच्या सुरुवातीला. पहिल्या सांध्यासाठी याचा अर्थ असा: सुनसान गावात सामुराई पाऊल टाकतात तिथून. फळी दुसऱ्यांदा वाजते, गाव दुसऱ्यांदा पळतं, आणि आपण किकुचियोच्या बाजूने आत शिरतो. चार-पाच मिनिटं परत बघावी लागतात. पण डोळ्यांना करड्या रंगांची आणि कानांना जपानीच्या चढउताराची सवय पुन्हा होते, आणि नवा प्रसंग येईपर्यंत आपण त्या गावात पोहोचलेले असतो.

दुसऱ्या सांध्यावर मागे जायची गरज नाही. तिथे मध्यंतराचं संगीत आहे. मध्यंतराची पाटी आली तेव्हा दुसरी बैठक बंद करायची आणि तिसरी त्या पाटीपासूनच सुरू करायची. फुमिओ हायासाका यांचं हे संगीत गावासाठी, सामुराईंसाठी वेगवेगळ्या धुना वापरतं. ती मिनिटं दिवा मालवून, गप्प बसून ऐकली की चिठ्ठीतली माणसं आपोआप डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे संगीत नाटकाची नांदी झाल्याशिवाय पडदा उघडत नाही, आणि ती होईपर्यंत प्रेक्षक स्थिर होतो. इथेही तेच. काही जुन्या इंग्रजी महाकाय सिनेमांत, उदाहरणार्थ १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त, सिनेमा सुरू होण्याआधीच काही मिनिटं नुसतं संगीत वाजतं. फाइल बिघडली समजून लोक पुढे जातात. जाऊ नका.

दोन बैठकांत किती अंतर चालतं? लागोपाठच्या रात्री सगळ्यात उत्तम. मधे दोन रात्री गेल्या तरी चिठ्ठी सांभाळते. आठवडा उलटला तर चिठ्ठी पुरत नाही, आधीच्या बैठकीची शेवटची पंधरा-वीस मिनिटं बघावी लागतात. त्याहून जास्त गेलं तर मी आधीची बैठक पूर्ण परत बघतो. म्हणून बैठका कॅलेंडरवर आधी मांडा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार ही जोडणी बहुतेक घरांत बसते आणि लांब तुकडा बरोबर शनिवारी येतो.

पावसाळ्यातलं घर

गोव्यात असे सिनेमे आषाढ-श्रावणात बघितले जातात, कारण संध्याकाळी बाहेर जायला वाव नसतो. पाऊस तीन अडचणी आणतो.

एक म्हणजे आवाज. कौलांवर पडणारा पाऊस सहन होतो. अंगणावर पत्रे घातलेले असतील तर मात्र सर आली की संवाद बुडतात, आणि आपण आवाज वाढवतो, सर थांबते, आणि पुढच्या आरोळीने घर हादरतं. संवाद सबटायटल्सवर वाचायचेच असल्याने आवाज वाढवण्यापेक्षा खिडकी लावणं बरं. तिसऱ्या बैठकीत मात्र, शेवटची लढाई भर पावसात आहे, तेव्हा बाहेर कोसळत असेल तर कोसळू द्या.

दुसरी म्हणजे वीज. ती जाणार, आणि गेली की राउटर जातो, टीव्ही जातो, आणि ॲपला थांबलेली जागा नेमकी लक्षात राहीलच याचा भरवसा नसतो. दर प्रसंगाला वेळ लिहायची गरज नाही. पण एक मोठा प्रसंग संपला की चिठ्ठीच्या कडेला वेळ टिपून ठेवा. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये बघत असाल तर `Ctrl+T` दाबून ती वेळ घातली की थेट तिथे जाता येतं. अंधारात पट्टी मागेपुढे ओढत बसलं की पुढची दृश्यं नकळत डोळ्यांखालून जातात, ते टळतं. वीज अर्ध्या तासात परत आली तर त्या प्रसंगाच्या सुरुवातीपासून लावा. त्याहून उशीर झाला तर त्या दिवसापुरतं पुरे, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या सांध्यापासून. उरलेली वीस मिनिटं ‘उरकून टाकू’ म्हणून रात्री साडेअकराला लावलेला सिनेमा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तिसरी म्हणजे उजेड. दुपारी जेवून सिनेमा लावायची सवय इथे फार आहे. रंगीत सिनेमाला ते चालून जातं. कृष्णधवल सिनेमात रात्रीचे प्रसंग खिडकीतल्या उजेडात काळे ठिक्कर दिसतात आणि चेहरे वाचता येत नाहीत. तीनही बैठका रात्रीच, एकाच खोलीत, एकच दिवा मागच्या बाजूला ठेवून करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय चालू असेल, त्याला बहुधा ‘मोशन’ हा शब्द असलेलं काहीतरी नाव असतं, तो बंद करा. तो चालू असला की सामुराई मालिकेतल्या नटांसारखे दिसू लागतात.

सबटायटल्सचा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो. मराठी सबटायटल्स सहसा मिळत नाहीत आणि इंग्रजी ओळ त्यांची वाचून होईपर्यंत निघून जाते. शेजारी बसून ओळ न ओळ भाषांतर करू नका, त्याने दोघांचाही सिनेमा जातो. बैठकीआधी चिठ्ठी वाचताना जरा सविस्तर सांगा, आणि चालू असताना फक्त जिथे निर्णय होतो तिथे एक वाक्य. ‘‘तीन घरं सोडायची म्हणतायत.’’ बाकीचं या सिनेमात चेहरे आणि चालणं सांगतं.

धागा सुटला हे कसं ओळखायचं

सुरू करून दहा मिनिटं झाल्यावर स्वतःकडे बघा. मरणाऱ्या माणसाचं काहीच वाटत नाही, लढाईत बाजू कळत नाहीत, किंवा सिनेमाच्या पट्टीवर किती वेळ उरला ते दोनदा बघून झालं, यांपैकी काही असेल तर धागा सुटलाय. तसंच पुढे रेटलं तर शेवट कळेल, पण लागणार नाही. थांबवा, मागच्या सांध्यावर जा. वेळ नसेल तर बंद करा आणि दुसरी रात्र शोधा.

घटना सगळ्या आठवतात, तरीही आत शिरता येत नाही, असंही होतं. तेव्हा गेलेली असते ती लय. याचं कारण बहुतेक वेळा बैठकीच्या लगेच आधीचा अर्धा तास असतो. मोबाइलवर छोटे व्हिडिओ बघून आलेल्या डोळ्याला कुरोसावांचं लांब, स्थिर दृश्य मंद वाटतं. जेवण आधी उरकून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, पाच-दहा मिनिटं नुसतं बसून मग सुरू केलं तर हे बऱ्याच अंशी टळतं.

कोणाची एखादी बैठक चुकली तर? आमच्याकडे मावशी दुसऱ्या रात्री आली. तिला पहिला तास तोंडी सांगण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. चिठ्ठी दिली, निशाण काढून दाखवलं, आणि पहिल्या बैठकीतले दोनच प्रसंग लावले: कांबेई डोकं भादरतो तो, आणि गावाने सामुराईंना भात खायला घालून स्वतः निकृष्ट दाणे खाल्ल्याचं कळतं तो. पहिल्यातून म्होरक्या कळतो, दुसऱ्यातून सौदा. ‘‘एवढ्यावर जीव द्यायला आलेत?’’ मावशीने विचारलं. तेवढं कळलं की दुसऱ्या बैठकीला बसता येतं.

दुसऱ्या सिनेमांना हे कसं लावायचं

बोंदार्चुक यांचा ‘वॉर अँड पीस’ हा सोव्हिएत सिनेमा सात तासांच्या घरात जातो, पण तो मुळातच चार भागांत प्रदर्शित झाला, १९६६ आणि १९६७ मध्ये. तिथे सांधे शोधायचे कष्ट नाहीत. चार भाग, चार रात्री, आणि प्रत्येक भागाची एक चिठ्ठी. माणसांच्या खुणा मात्र पहिल्या भागातच पक्क्या करा, कारण रशियन माणूस तीन-तीन नावांनी हाकारला जातो. राज कपूर यांचे ‘संगम’ आणि ‘मेरा नाम जोकर’ दोन-दोन मध्यंतरांचे. तीन बैठका आयत्या.

बेला तार यांचा १९९४ चा ‘सातानटँगो’ मात्र वेगळा. सात तासांहून मोठा, बारा प्रकरणांचा. प्रकरणं असल्याने तोडणं सोपं वाटतं, पण त्यात एकच दिवस वेगवेगळ्या माणसांच्या बाजूने पुन्हा येतो, आणि ती पुनरावृत्ती ओळखायला आधीचं प्रकरण अंगात ताजं असावं लागतं. शिवाय त्याचा संथपणा साचत जाणारा आहे. चिठ्ठीने धागा राहील, साचलेलं राहणार नाही. तोडायचाच झाला तर प्रकरणाच्या मधे कधीही नाही, आणि सगळ्या बैठका एकाच दिवसात, सकाळ, दुपार, रात्र. तेवढा दिवस मिळत नसेल तर चवथीनंतरच्या एखाद्या मोकळ्या रविवारपर्यंत तो राखून ठेवा आणि तोवर ‘सेव्हन सामुराई’ लावा.